जुन्या लेखाची तारीख: ‘सुधारित’ म्हणायचं की नवीच टाकायची?

समजा, ‘कोथरूडहून मेट्रोने स्वारगेटला’ हा लेख तुम्ही मार्च २०२२ मध्ये लिहिलाय. तेव्हा पुण्यात कोथरूडच्या वनाझ स्थानकाहून निघणारी मेट्रो गरवारे कॉलेजपर्यंतच जायची. तिथे उतरून पुढे रिक्षा किंवा पीएमपी पकडा, हा सल्ला बरोबर होता. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि आता जिल्हा न्यायालयाला गाडी बदलली की झालं. लेख दुरुस्त करायचाच आहे. प्रश्न तारखेचा.

पहिला मार्ग: मूळ तारीख ठेवून ठळकपणे ‘सुधारित: २ ऑक्टोबर २०२४’ लिहायचं. पानाच्या स्ट्रक्चर्ड डेटामध्येही, म्हणजे सर्च इंजिनसाठी पानाच्या कोडमध्ये ठेवलेल्या नोंदीतही, तेच:

```json
"datePublished": "2022-03-10T09:00:00+05:30",
"dateModified": "2024-10-02T18:30:00+05:30"
```

गूगल एकाच खुणेवर विसंबत नाही. वाचकाला दिसणारी तारीख आणि ही नोंद दोन्ही बघून निकालात कोणती दाखवायची ते ठरवतं. दोन्ही जुळत नसतील, किंवा बाजूला ‘संबंधित लेखां’च्या तारखांची गर्दी असेल, तर भलतीच तारीख उचलली जाऊ शकते.

दुसरा मार्ग: प्रकाशनाची तारीखच बदलायची. वर्डप्रेसमध्ये असा लेख यादीत सगळ्यात वर येतो, म्हणून मोह होतो. प्रवासाचा सगळा मार्ग, बदलायचं स्थानक, तिकिटाचा भाग असं बहुतेक नव्याने लिहिलं असेल तर हेही चालेल. ‘पहिल्यांदा २०२२ मध्ये प्रकाशित’ एवढी ओळ मात्र ठेवा. लेखाच्या वेब-पत्त्यात वर्ष-महिना येत असेल तर तारखेबरोबर पत्ताही बदलतो. जुना दुवा उघडून तो नव्याकडे वळतोय ना, ते बघा. एक स्वल्पविराम हलवून तारीख पुढे ढकलणं मात्र सरळ लबाडी. बातम्यांच्या बाबतीत गूगल ठोस नवी माहिती नसताना तारीख ताजी करू नका, असं स्पष्ट सांगतं.

तिसरा मार्ग, म्हणजे नवा लेख, मला एकाच वेळी पटतो: जुना लेख ही त्या दिवसाचीच नोंद असेल तेव्हा. उद्घाटनाच्या दिवसाचा वृत्तांत सुधारायचा नसतो.

खरी गोम साइटमॅपमधल्या, म्हणजे सर्च इंजिनसाठीच्या पानांच्या यादीतल्या, `lastmod` या शेवटच्या बदलाच्या तारखेत आहे. वर्डप्रेस प्रत्येक ‘अपडेट’ला सुधारणेची तारीख बदलतं, शुद्धलेखनाची चूक काढली तरी, आणि बरेच प्लगइन तीच तारीख साइटमॅपमध्ये टाकतात. गूगल `lastmod` वापरतं, पण ती पडताळून सातत्याने खरी निघाली तरच. खोटी ठरत गेली तर खऱ्या बदलाच्या वेळीही तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

आणि ताजेपणाचा फायदा प्रश्नागणिक वेगळा. मेट्रोचा मार्ग शोधणाऱ्याला नवी माहिती लागते. पुरणपोळीच्या कृतीवर कालची तारीख टाकून काही साधत नाही.

म्हणून मेट्रोच्या लेखाला मी पहिला मार्ग घेईन, आणि सुधारित तारखेखाली एक ओळ: ‘स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाल्याने मार्ग बदलला.’