उतारावरचा पल्ला: अक्ष आडवे-उभे घ्यायचे की तिरके?

अकरावी-बारावीला प्रक्षेप्याचं गणित उतारावर गेलं की अक्ष कुठे धरायचे, हा प्रश्न येतो. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण कष्ट सारखे पडत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. 30° चढाच्या पायथ्यापासून चेंडू 20 m/s वेगाने, आडव्या रेषेशी 60° कोनात वर मारला. g = 10 m/s², हवेचा विरोध सोडून देऊ.

आडवे-उभे अक्ष घेतले तर मार्गाचं समीकरण y = x tan 60° − x²/20 असं येतं. चेंडू चढावर टेकतो तिथे y = x tan 30°. दोन्ही जुळवली की x = 23.1 मीटर. हे आडवं अंतर झालं, पल्ला नव्हे. चढावरून मोजायचं तर cos 30° ने भागायचं, म्हणजे 26.7 मीटर. घाईत नेमकी हीच शेवटची पायरी सुटते, आणि पर्यायांत 23.1 असलं तर विद्यार्थी त्यालाच खूण करून मोकळा होतो.

तिरक्या रीतीत एक अक्ष चढाच्या बाजूने, दुसरा त्याला लंब. चढाशी कोन 30° उरतो. लंब दिशेचा वेग 10 आणि त्या दिशेचं गुरुत्व 10 cos 30° = 8.66, म्हणून वेळ 20/8.66 = 2.31 सेकंद. वेळ काढायला याहून सोपी वाट नाही. खड्डा पुढे आहे: चढाच्या बाजूचा वेग 17.3, त्याला वेळेने गुणलं तर 40 मीटर येतात. हे चूक, कारण g sin 30° = 5 हे त्वरण त्या दिशेनेही मागे ओढत असतं. ते धरलं की 40 − 13.3 = 26.7. याच त्वरणामुळे निम्म्या वेळी चेंडू निम्म्या पल्ल्यावर नसतो. तेव्हाच त्याने चढाच्या बाजूने 16.7 मीटर कापलेले असतात.

माझं मत विचाराल तर दोन्हींची सरमिसळ करा: वेळ तिरक्या अक्षांवरून, मग आडवा वेग 10 × 2.31 भागिले cos 30°. मागे ओढणाऱ्या त्वरणाची कटकटच उरत नाही. मात्र ‘चेंडू चढावर काटकोनात आदळतो’ असं म्हटलं असेल, तर निमूट तिरके अक्ष घ्या. टेकताना चढाच्या बाजूचा वेग शून्य, एवढं लिहिलं की काम झालं.

उताराकडे मारताना रीत तीच, फक्त g sin α पुढे ढकलतं. याच वेगाने वर जास्तीत जास्त पल्ला u²/[g(1 + sin α)], म्हणजे आपला 26.7 मीटरच, 60° हा कोन त्यासाठीच निवडला होता. खाली कंसात वजा येतो आणि पल्ला 80 मीटर, म्हणजे तिप्पट! त्यासाठी आडव्या रेषेच्या वर 30° कोनात मारावं लागतं. दोन्हीकडे सर्वोत्तम दिशा उतार आणि उभी रेषा यांच्यामधला कोन दुभागते.

कोणतीही रीत घ्या, आधी दिलेला कोन आडव्या रेषेशी आहे की उताराशी, ते वाचा. वरच्या गणितात 60° चढाशी धरले तर चेंडू सरळ उभा वर जाऊन हातात परत येतो.