मिनिट बुक टाइप करून घेतलं, आठ महिने वापरलं: एका ‘9’ने घाम काढला

आमच्या इंदूरच्या सोसायटीची दोन जाडजूड कार्यवाही रजिस्टरं, 1987 पासूनची, 340 पानं. पानाला 30 रुपये दराने एका टायपिस्टबाईंकडून टाइप करून घेतली. 10,200 रुपये. कोषाध्यक्ष काका अजूनही भेटले की हा आकडा ऐकवतात.

पहिला महिना फुकट गेला. फाईल उघडली की हिंदी छान दिसायचं, पण शोधात ‘पानी’ टाकलं की शून्य. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. पडद्यावर देवनागरी, आत नुसती इंग्रजी अक्षरं. ओळखायची युक्ती साधी आहे. एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा, तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा आला तर पैसे देऊ नका. आम्ही आधीच देऊन बसलो होतो. युनिकोडमध्ये बदलून घेतलं तेव्हा रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडून पळाली, आणि ‘कार्यवाही’ हा शब्द पानोपानी हाताने दुरुस्त करावा लागला.

मग मी मूळ मजकुराशेजारी एक तक्ता केला: तारीख, वार, ठराव क्रमांक, रजिस्टरचं पान, ठराव शब्दशः, आणि शोधशब्द. शेवटचा रकाना हिंदीमुळे. रजिस्टरमध्ये ‘गैरेज’ आहे, मी शोधणार ‘गॅरेज’, आणि दोघांची गाठ कधीच पडणार नाही. तिथे दोन्ही रूपं लिहून ठेवली. सहा महिने मी या तक्त्यावर खूश होतो.

मग गॅरेजचं भांडण आलं. एका सभासदाच्या मुलाचं म्हणणं, वडिलांना गॅरेज रीतसर ठरावाने मिळालं. त्याच्याकडचं वाटपपत्र 5-9-91 चं. आमच्या तक्त्यात ठरावाची तारीख 9-9-91. म्हणजे पत्र आधी, ठराव मागाहून! सभेत एकच गलका. मी तर छाती ठोकून म्हणालो, “रेकॉर्ड बोलतंय.”

घरी येऊन मूळ पान पाहिलं. तेव्हाचे सचिव आकडे मिसळून लिहायचे, काही देवनागरी, काही इंग्रजी. त्यांचा देवनागरी १ घाईत हुबेहूब इंग्रजी 9 व्हायचा. वर्षातला 1 मात्र इंग्रजी, सरळ दांडी, म्हणून 91 नक्की. राहिले दिवस आणि महिना. दोन्हीकडे 9 सारखं चिन्ह, म्हणजे चार शक्यता. पानावर वर ‘रविवार’ लिहिलेलं होतं (सचिवांना देव सुखी ठेवो). चारही तारखा तक्त्यात टाकल्या आणि शेजारी हे:

```
=TEXT(A2,"dddd")
```

1 जानेवारीला मंगळवार, 9 जानेवारीला बुधवार, 9 सप्टेंबरला सोमवार. रविवार फक्त 1 सप्टेंबर 1991 ला. पुढच्या सभेत ‘पिछली बैठक की कार्यवाही’ कायम करताना तारीख अक्षरी लिहिली होती, तीही 1 सितंबर. ठराव पत्राच्या चार दिवस आधीचा. मुलगा बरोबर, मी चूक. माफी मागायला गेलो तर त्याच्या आईने पोहे खाऊ घातले, ते जास्त बोचलं.

इथे मला टायपिस्टबाईंबद्दलचं मतही बदलावं लागलं. दोन दिवस त्यांना मनातल्या मनात बोल लावत होतो, पण त्यांनी दिसलं तसंच उतरवलं होतं. वार न पडताळणं ही माझी आळशीपणाची चूक. 1 चा 9 झाला की तारीख बरोबर आठ दिवस पुढे जाते, म्हणजे वार एकाने सरकतो. 11 चे 19 झाले तरी तेच. त्यामुळे वार लिहिलेला असेल तर अशी चूक लपत नाही. सगळा तक्ता तपासला. 41 नोंदींचा वार जुळला नाही. त्यातल्या 12 सचिवांच्या हातच्या, बाकीच्या माझ्याच: संगणकाची मांडणी अमेरिकी होती, म्हणून 5-6-88 टाकलं की मुकाट्याने 6 मे होत होतं. आता 1988-06-05 असं, वर्ष आधी ठेवूनच लिहितो.

एक फट उरते. लीप वर्षात 1 जानेवारी आणि 9 सप्टेंबर यांचा वार एकच येतो. 1992 मध्ये दोन्ही बुधवार. तिथे वार गप्प बसतो, पुढच्या सभेची नोंदच बघावी लागते. ज्या सभांना वार लिहिलेलाच नाही, त्यांच्या तारखेपुढे मी प्रश्नचिन्ह ठेवलंय. काकांना ते आवडत नाही. “दहा हजार देऊन प्रश्नचिन्हं विकत घेतली का?” मी म्हटलं, काका, ती फुकट आहेत, मी घातली. रजिस्टरं मात्र कपाटात कुलपात ठेवली आहेत, आणि दुसरी किल्ली अजून काका देत नाहीत.