गंजलेल्या टॉवर बोल्टवर स्प्रे मारला, त्याला आता आठ महिने झाले

आमचं घर अमळनेरजवळच्या गावात. मागचं दार सागवानी, दोन झडपांचं. रोज एकच झडप उघडते, दुसरी वर-खाली टॉवर बोल्ट लावून कायम बंद. आखाजीला ताई येणार होती आणि मोठा कूलर आत घ्यायचा होता. एका झडपेतून तो जाईना. दुसरी उघडायला गेलो तर खालचा बोल्ट निघाला, वरचा मात्र नकूच्यात (चौकटीवरची ती पट्टी, जिच्यात दांडी शिरते) घट्ट बसलेला. तीन-चार पावसाळे चौकटीवरून ओघळणारं पाणी त्याच्यावरच पडत होतं.

पहिली चूक माझी. स्टुलावर चढून मुठीवर हातोडा घातला. मूठ वाकली, दांडी जागची हलली नाही. मूठ दांडीत नुसती आटे पाडून बसवलेली असते, तिला तेवढा मार सोसत नाही. मग दुकानातून गंज सोडवणारा स्प्रे आणला, फसाफस मारला, दहा मिनिटं थांबलो, पुन्हा ओढलं. काही नाही. त्या दिवशी स्प्रेला एक स्टार दिला असता.

संध्याकाळी शेजारचे सुतार नाना आले. त्यांनी बोल्टला हातच लावला नाही. झडपेची मोकळी कड दोन्ही हातांनी वर उचलून पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, गंज अर्धाच आहे, अर्धं वजन आहे." बिजागऱ्या ढिल्या झाल्याने झडप उतरली होती. उतरलेली झडप वरच्या बाजूला बिजागरीपासून लांब ढळते, म्हणून दांडी नकूच्याच्या एका बाजूला दाबून बसते. तेल तिथे शिरेल, पण दाब जाणार नाही. हे ओळखायची खूण सोपी आहे: कड उचलल्यावर किंवा दार पुढेमागे ढकलल्यावर दांडी नकूच्यात जराशी खुळखुळली तर दाब आहे. ती दगडासारखी राहिली तर मुख्यतः गंज. आमच्याकडे दोन्ही होतं.

नानांनी जुन्या ब्रशने सुटा गंज आधी झाडला. दांडीचं टोक नकूच्याच्या वर थोडं बाहेर होतं, म्हणून स्प्रे खालून न मारता नळी वरून लावली. खालून मारलेला बराचसा लाकडावर ओघळतो, वरून दिलेला दांडीभोवती खाली झिरपतो. थोडाच मारायचा, तासाभराने पुन्हा, झोपायच्या आधी पुन्हा. रात्रभर तसंच ठेवलं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे फट आधीच भरलेली असते. तेल आत जायला तेवढा वेळ लागतोच.

सकाळी झडपेखाली लाकडी पाचर सरकवून कड जराशी उचलली. मग मूठ खाली ओढायची नाही, फिरवायची. खाचेतून बाहेर, पुन्हा खाचेत, जेमतेम पाव फेरा. वाकलेल्या मुठीवर भरवसा नव्हता, म्हणून बोल्ट आणि नकूचा यांच्यामधल्या उघड्या दांडीवर कापड गुंडाळून ग्रिपचा पाना लावला. नुसता पाना लावला तर दांडीवर दात उमटतात आणि ती मग स्वतःच्याच नळीत अडकते. दहा-बारा वेळा फिरवल्यावर 'कर्र' असा आवाज आला, लालसर तेल ओघळलं आणि दांडी अर्धा इंच उतरली. लगेच पूर्ण ओढली नाही. पुन्हा वर, पुन्हा खाली, मध्ये दोन थेंब. कूलर दहाच्या आत घरात.

एक सांगून ठेवतो: कोणी गरम करायचं सुचवलं तर तेल किंवा रॉकेल लावलेल्या बोल्टला आणि लाकडी दाराला ज्योत दाखवू नका. अगदीच सुटला नाही, तर नकूच्याचे स्क्रू काढा. तेही गंजले असतील तर मधली उघडी दांडी हॅक्सॉच्या पात्याने कापा. नवा बोल्ट काही महाग नसतो.

आता आठ महिन्यांचं. स्प्रेचा पातळ थर फार टिकत नाही. जुलैत दांडीवर पुन्हा तांबूस पावडर दिसली आणि मूठ जड लागली. मग दांडी बाहेर काढून पॉलिश पेपरने घासली, पुसून बोटभर ग्रीस लावलं. तेव्हापासून बोल्ट एका बोटाने सरकतो. पण ग्रीसला आमच्याकडची धूळ चिकटते, दिवाळीच्या साफसफाईत एकदा पुसून नवं लावावं लागलं. बिजागरीचे दोन स्क्रू लांब घातले, त्यामुळे झडप उतरायची थांबली. खरा फरक मला तिथेच जाणवला.

तक्रार एकच. नकूच्याखाली सागवानावर तेलाचा काळपट डाग पडला, तो अजून आहे. आधी खाली जुनं फडकं बांधायला हवं होतं. स्प्रेला तीन स्टार देतो, उरलेले दोन पाचरीला.