इरकलीचं सूत ओळखताना: हात, फॉल की काडी?

बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या बाजारात इरकल साडी घेताना सगळा दर 'प्युअर सिल्क' या दोन शब्दांवर ठरतो. दिसायला सारखे असलेले तीन धागे त्यात येतात: रेशीम, आर्ट सिल्क म्हणजे व्हिस्कोस, आणि पॉलिएस्टर.

दुकानात पहिली चाचणी हाताची. साडीच्या अंगाचं कापड मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबून सोडा. पॉलिएस्टर लगेच उसळून सपाट होतं. व्हिस्कोसवर चुण्या ठळक उठतात आणि तशाच राहतात. रेशमावर मऊ चुण्या पडतात, कापड लटकवलं की बऱ्याचशा सैल होतात. पण कांजी किंवा फिनिश असेल तर हात फसतो. नुसत्या सळसळीवरही जाऊ नका, ती प्रक्रियेनं आणता येते.

फॉल, म्हणजे कापड कसं पडतं ते, बघायचा तर अंगाचा मधला भाग चिमटीत धरून हातभर खाली सोडा, कारण काठाच्या वजनानं अंदाज चुकतो. व्हिस्कोस जड, सरळ खाली येतं, रेशमाच्या घड्या हलक्या आणि भरदार पडतात. तरी ही चाचणी तिन्हींत सगळ्यात कच्ची. मऊ पॉलिएस्टर इथे सहज निसटतं.

निकाल जाळून पाहिल्यावरच लागतो, आणि इरकलीत नेमकी इथेच चूक होते. विक्रेता पदराच्या दशीतला धागा काढून जाळून दाखवतो, केस जळल्याचा वास येतो आणि गिऱ्हाइकाचं समाधान होतं. पण इरकलीत पदराचा ताणा, म्हणजे उभा धागा, वेगळा असतो. तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. त्यामुळे दशी फक्त पदराच्या ताण्याबद्दल सांगते. पदर रेशमी आणि अंग आर्ट सिल्कचं, असं सर्रास असतं.

म्हणून नेसताना आत खोचतो त्या टोकाचे धागे मागा. उभे पाच-सहा आणि आडवे पाच-सहा, तीन-चार सेंटिमीटरचे. दोन्हींना वेगवेगळा पीळ द्या. चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून मेणबत्तीवर न्या. काडीच्या गंधकाचा वास मूळ वासात मिसळतो. कपड्यांच्या गठ्ठ्यांपासून लांब, दुकानाबाहेरच करा.

रेशीम ज्योतीपासून आक्रसतं, हळू जळतं, बाहेर काढलं की बहुधा विझतं. काळी गुठळी बोटांनी चुरडते. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. वितळता थेंब बोटाला चिकटून भाजतो, गार होईपर्यंत हात लावू नका. व्हिस्कोस भरभर पेटतं, कागद जळल्याचा वास येतो, राख अगदी थोडी. राखेत टणक कण लागले तर मिश्रण समजा.

कागदाचा वास सुती धाग्यालाही येतो. तेव्हा एक न जाळलेला धागा मधोमध ओला करून ओढा. ओलं व्हिस्कोस निम्म्याच्या आसपास ताकद गमावतं, म्हणून ओल्या जागीच पटकन तुटतं. सुती धागा ओला झाल्यावर उलट चिवट होतो.

उभा धागा कागदासारखा जळला आणि आडवा केसासारखा, तर त्या साडीला पूर्ण रेशमाचा दर देऊ नका.