विच की दॅट: इंग्रजी अर्जातला स्वल्पविराम कुठे द्यायचा?

निपाणी भागातल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण घेऊ. त्याच्या जमिनीचे तीन तुकडे आहेत. दोन तुकड्यांत बोअर आहे, तिथे ऊस घेतो. तिसरा जिरायत, तिथे तंबाखू. कर्ज फक्त बोअरच्या दोन तुकड्यांवर आहे, आणि तेवढंच त्याला इंग्रजी अर्जात लिहायचं आहे. टायपिंगच्या दुकानात त्याच्यासमोर तीन वाक्यं येऊ शकतात.

द फील्ड्स दॅट हॅव बोअरवेल्स आर मॉर्गेज्ड.

द फील्ड्स विच हॅव बोअरवेल्स आर मॉर्गेज्ड.

द फील्ड्स, विच हॅव बोअरवेल्स, आर मॉर्गेज्ड.

पहिल्या दोन वाक्यांचा अर्थ एकच: बोअर आहे तेवढीच शेतं गहाण आहेत. तिसऱ्याचा अर्थ मात्र असा होतो, की सगळीच शेतं गहाण आहेत आणि शिवाय सगळ्यांनाच बोअर आहे. म्हणजे दोन स्वल्पविरामांपायी दोन खोट्या गोष्टी कागदावर आल्या, आणि जिरायत तुकडाही कर्जात गेला. खरा निर्णय स्वल्पविराम करतो. विच की दॅट हा प्रश्न त्याच्या मागून येतो.

आपली माणसं इथे का अडखळतात, त्याचं कारण मराठीच्या सवयीत आहे. आपण लिहितो, ‘ज्या शेतांना बोअर आहे, ती गहाण आहेत.’ वाक्य शेतं निवडून दाखवतंय, तरी मधे स्वल्पविराम आहे आणि मराठीत तो बरोबरच आहे. तोच हात इंग्रजीत चालला की ‘द फील्ड्स विच हॅव बोअरवेल्स, आर मॉर्गेज्ड’ असं वाक्य तयार होतं. एकच स्वल्पविराम, तोही कर्ता आणि क्रियापद यांच्या मधे. इंग्रजीत याला जागाच नाही. एक तर दोन्ही बाजूंना द्या, नाहीतर एकही देऊ नका.

ठरवायचं कसं? वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. ‘ज्या… त्या’ असं म्हटल्याशिवाय अर्थ पुरा होत नसेल, तर इंग्रजीत स्वल्पविराम नको. माहिती ‘आणि हो, त्यांना बोअरही आहे’ अशी वेगळ्या वाक्यात काढून ठेवता येत असेल आणि उरलेलं वाक्य खरंच राहत असेल, तर स्वल्पविराम हवेत. आपल्या शेतकऱ्याने बोअरचा भाग काढला तर उरतं ‘शेतं गहाण आहेत’, आणि ते खरं नाही. म्हणून तिसरं वाक्य बाद.

आता पहिलं की दुसरं? ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात, आणि आपल्याकडे शाळेपासून कचेरीपर्यंत तीच वळणं रुळलेली आहेत. निवडून दाखवायला दॅट आणि जादा माहितीला विच, अशी वाटणी करावी असं इंग्रजी भाषेचे अभ्यासक हेन्री फाउलर यांनी १९२६ साली सुचवलं होतं. ब्रिटिशांनी ती कधी पक्की पाळली नाही, अमेरिकी संपादकांनी मात्र जवळजवळ नियमच केला. त्यामुळे ‘बिनस्वल्पविरामाचा विच म्हणजे चूक’ असं कुणी ठासून सांगितलं, तर ती अमेरिकी शिस्त समजावी.

तरीही अर्ज, करारनामा, वाटणीपत्र अशा कागदांत मी दॅटच घ्या म्हणेन. दॅटच्या आधी असा स्वल्पविराम येतच नाही, म्हणून वाचणाऱ्याला शंका राहत नाही. विच ठेवला, तर वर्डची व्याकरण-तपासणी त्याखाली रेघ ओढून कधी दॅट सुचवते, कधी आधी स्वल्पविराम द्यायला सांगते. दुकानात गर्दी असते, टाइप करणारा पोरगा समोर दिसेल त्यावर क्लिक करतो, आणि जिरायत तुकडा पुन्हा गहाण पडतो!

काही ठिकाणी निवडच नसते. ‘इन’, ‘फॉर’ अशा शब्दांच्या लगेच पुढे फक्त विच चालतो: ‘द अकाउंट इन्टु विच द मनी वॉज पेड’. विशेषनाम एकाच गोष्टीचं असेल, तर तिथे निवडायला काही उरत नाही, म्हणून ‘द घटप्रभा, विच जॉइन्स द कृष्णा,’ असेच स्वल्पविराम येतात.

माणसांसाठी विचच्या जागी ‘हू’ येतो, पण स्वल्पविरामाचा हिशोब तोच. वारसाच्या कागदांत तो फार महाग पडू शकतो. ‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन कोल्हापूर, हॅज नो ऑब्जेक्शन’ म्हणजे भाऊ एकच, तो कोल्हापुरात असतो आणि त्याची हरकत नाही. स्वल्पविराम काढले, की भाऊ आणखीही असावेत आणि संमती त्यातल्या कोल्हापूरवाल्याचीच आहे, असा अर्थ निघतो. मग बाकीच्या भावांच्या सह्या कुठे आहेत, हे कचेरीतला माणूस विचारणारच.