सौर पंपाच्या विम्याचे पैसे घेतले आणि हातात भलताच कागद दिला

गोव्यात सत्तरी तालुक्यात नदीकाठी आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. गेल्या वर्षी तिथे अनुदान योजनेतून पाच एचपीचा सौर पंप आणि पंधरा पॅनेल बसवले. पुरवठादाराच्या माणसाने त्याच वेळी सांगितलं, "काका, विम्याचं आम्हीच बघतो, तुम्हाला पणजीला फेऱ्या नकोत." साडेचार हजार रुपये त्याने स्वतःच्या मोबाइल नंबरवर घेतले आणि एक छापील पॉलिसी आणून दिली. वर मोठ्या विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, जागेच्या रकान्यात आमचं गाव आणि मुदत पुढच्या सप्टेंबरपर्यंत.

मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने एका बाजूचा सांगाडा वाकला आणि चार पॅनेल फुटले. विमा कंपनीला फोन केला, तेव्हा पॉलिसी क्रमांक खरा निघाला. पण ती पॉलिसी माझ्या नावाची नव्हतीच. विमाधारक म्हणून पुरवठादाराचं नाव होतं आणि प्रकार होता 'इरेक्शन ऑल रिस्क', म्हणजे माल जागेवर उतरल्यापासून यंत्र उभं करून चालवून पाहीपर्यंतचा विमा. चाचणी होऊन पंप आमच्या ताब्यात आला की हे संरक्षण संपतं, मग कागदावर सप्टेंबर असो की डिसेंबर. तो विमा पुरवठादाराने स्वतःच्या जोखमीसाठी काढलेला होता. त्याचीच झेरॉक्स माझी पॉलिसी म्हणून मला विकली गेली.

पुरवठादार आता म्हणतो की बिलावर 'इन्शुरन्स चार्जेस' लिहिलंय आणि विमा काढलाही होता, मग फसवणूक कसली? म्हणून सांगतो, असा कागद हातात आला तर मुदतीची तारीख शेवटी बघा. आधी विमाधारकाच्या रकान्यात तुमचं नाव आहे का ते पाहा आणि मग पॉलिसीचा प्रकार वाचा. हप्ता भरल्याची विमा कंपनीची पावती मागा. १९३८ च्या विमा कायद्याप्रमाणे हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. माणसाच्या खासगी नंबरवर गेलेले पैसे कंपनीकडे पोचले असं धरून चालता येत नाही.

दुरुस्तीनंतर मी स्वतः दुसऱ्या कंपनीच्या कार्यालयात अर्ज दिला. सोबत खरेदीचं बिल, पंप सुरू करून ताब्यात दिल्याचा दाखला, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि पंप बसवलेल्या जागेचे फोटो. पॅनेल, पंप, मोटर आणि कंट्रोलर यांचे क्रमांक अर्जात वेगवेगळे लिहिले. पॅनेलचा क्रमांक मागच्या बाजूच्या लेबलवर असतो. तो बिलाशी ताडून पाहताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. बसवतानाच एक पॅनेल तडकलं होतं आणि ते बदललं होतं, पण बिलावर जुनाच क्रमांक राहिला होता. चोरी झाली असती तर त्या पॅनेलवरून वाद झाला असता. पुरवठादाराकडून क्रमांक दुरुस्त केल्याचं पत्र घेतलं, वाकलेल्या बाजूच्या नव्या चार पॅनेलचं वेगळं बिल जोडलं आणि मगच अर्ज पुढे सरकला.

विम्याची रक्कम ठरवताना तिथला कर्मचारी माझ्या खिशातून गेलेलीच रक्कम लिहीत होता. मी थांबवलं. समजा सगळ्या यंत्रणेची किंमत तीन लाख आणि अनुदान वजा जाता शेतकऱ्याने भरले एक लाख वीस हजार. विमा एक लाख वीस हजारांचाच काढला आणि नुकसान साठ हजारांचं झालं, तर कंपनी म्हणते की तुम्ही किमतीच्या चाळीस टक्क्यांचाच विमा काढला होता, म्हणून नुकसानीचेही चाळीस टक्केच. हातात येतात चोवीस हजार. नवं पॅनेल आणायला दुकानदार अनुदान देत नाही, म्हणून रक्कम पूर्ण किमतीची हवी.

वादळ, वीज पडणं, पूर आणि चोरी हे चारही धोके पॉलिसीत लिहून आलेत की नाही, तेही विचारलं. पहिल्या मसुद्यात चोरी नव्हती. मोटर आतून जळाली तर ते या विम्यात बसत नाही. ते काम पुरवठादाराच्या वॉरंटीत येतं, म्हणून वॉरंटीचा कागदही त्याच फायलीत ठेवलाय.

पुरवठादाराविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, त्याने दिलेली झेरॉक्स आणि ती पॉलिसी माझी नाही असं विमा कंपनीने ईमेलवर दिलेलं उत्तर, हे तीन पुरावे जोडलेत. कंपनीकडून हे लेखी उत्तर जरूर मागा. फोनवर सांगितलेलं पुढे कोणी कबूल करत नाही.