बीएलएसचं सत्र: फिरती स्टेशनं की एकाच मॅनिकिनवर पूर्ण क्रम?

ज्युनिअर स्टाफचं बीएलएस सत्र आखायचं म्हटलं की पहिला वाद आराखड्याचाच निघतो. काय शिकवायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोली आणि ३० ला २ या आकड्यांत इथे शिरत नाही. मुद्दा आहे तो बारा मुलं, तीन शिकवणारे आणि दोन तास यांची मांडणी कशी करायची हा. मी दोन्ही पद्धतींनी सत्रं घेतली आहेत.

पहिली पद्धत फिरत्या स्टेशनांची. एका टेबलावर कॉम्प्रेशन, दुसऱ्यावर बॅग-मास्क, तिसऱ्यावर एईडी. चौघाचौघांचे गट वीस-पंचवीस मिनिटांनी पुढे सरकतात आणि शेवटी सगळं जोडून एक प्रसंग होतो. दुसऱ्या पद्धतीत गट जागचा हलत नाही. प्रत्येक गटाकडे मॅनिकिन, बॅग-मास्क, एईडी ट्रेनर आणि एक शिकवणारा असतो. रुग्ण प्रतिसाद देत नाही इथपासून शॉकनंतरच्या कॉम्प्रेशनपर्यंत अख्खा क्रम पुन्हा पुन्हा होतो, फक्त भूमिका बदलत राहतात.

फिरत्या स्टेशनांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. सामान कमी लागतं, एईडी ट्रेनर एकच असला तरी भागतं. शिवाय बॅग-मास्क हे कौशल्य खरंच वेगळं बसून शिकण्यासारखं आहे. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, आणि जबडा मास्ककडे वर ओढायचा. नवखा माणूस हमखास उलटं करतो, म्हणजे मास्कच चेहऱ्यावर दाबत बसतो. हनुवटी खाली जाते, श्वासमार्ग बंद होतो, आणि छाती हलत नाही म्हणून तो बॅग आणखी जोरात पिळतो. मुरलेला भूलतज्ज्ञ त्या टेबलावर बसला असेल तर प्रत्येकाची बोटं धरून नीट लावून देतो. बाराही जणांना एकच हात शिकवतो, हा फायदा मोठा आहे.

तरीही माझं मन या पद्धतीवरून उडालं ते एका गोष्टीमुळे. ती गोष्ट इतकी ठरलेली झाली होती की शेवटच्या जोडप्रसंगात मी तिची वाटच पाहायचो.

प्रसंग सुरू होतो. एकजण छान कॉम्प्रेशन देतोय, दुसऱ्याच्या हातात मास्क. तिसरा एईडी घेऊन येतो आणि बॉक्स खाली ठेवतो. त्या क्षणी कॉम्प्रेशन देणारा हात उचलतो, गुडघ्यांवर मागे सरकतो आणि त्याला जागा करून देतो. कुणी सांगितलेलं नसतं. मग झाकण उघडतं, पॅडचं पाकीट फाडलं जातं, एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरं डाव्या काखेखाली, वायर लागते, मशीन ताल तपासतं, चार्ज होतं, सगळे दूर झाल्याची खात्री होते, शॉक बसतो. वर शॉकनंतर कुणीतरी नाडी बघायला वाकतो. हा सगळा वेळ छातीवर कुणाचाच हात नाही. दहा सेकंदांच्या आत आवरायचा थांबा अर्ध्या मिनिटाच्या पुढे गेलेला असतो, आणि त्यांना तो जाणवलेलाही नसतो.

मी आधी मुलांनाच दोष द्यायचो. मग एईडीच्या टेबलाकडे नीट पाहिलं. तिथे मॅनिकिन नुसतं पडलेलं, चौघं भोवती उभे आणि शिकवणारा पॅडच्या जागा दाखवतोय. त्या टेबलावर कॉम्प्रेशन द्यायला कुणी नव्हतंच, कारण ते शेजारच्या टेबलाचं काम. एईडी असतं तेव्हा छाती मोकळी असते, हेच मुलं वीस मिनिटं डोळ्यांनी शिकत होती. तोंडाने आम्ही ‘थांबू नका’ म्हणत होतो, पण हात टेबलाचं ऐकत होते.

दुसऱ्या पद्धतीत ही खोड लागायला जागाच कमी असते. चौघांच्या गटात एक कॉम्प्रेशनला, एक बॅग-मास्कला, एक एईडीला आणि चौथा स्टॉपवॉच घेऊन. चौथ्याचं काम एकच: छातीवरून हात उचलला की घड्याळ सुरू, परत टेकला की बंद. एईडीवाला कॉम्प्रेशन देणाऱ्याच्या हातांच्या बाजूबाजूने पॅड चिकटवायला शिकतो. सुरुवातीला कोपर आणि मनगट आपटतात, मुलं हसतात, पण तेच तर शिकायचंय. मशीनने रुग्णाला स्पर्श करू नका म्हटलं की मगच हात वर. शॉक बसला की लगेच खाली, नाडी न बघता.

साधारण पाच आवर्तनांत दोन मिनिटं होतात आणि भूमिका बदलते, म्हणजे आठ मिनिटांत चौघांचीही सगळी कामं एकदा होतात. मधे बोलायला वेळ धरला तरी वीस मिनिटांत एक फेरी बसते. पहिल्या फेरीत मी अडवत नाही, फक्त चौथ्याला सेकंद मोठ्याने वाचायला लावतो. दुसऱ्या फेरीत आकडा आपसूक खाली येतो. हे काही शास्त्रीय मोजमाप नाही, मला दिसलं ते सांगतोय. तिसऱ्या फेरीत एखादी अडचण घालायची: छाती ओली आहे, किंवा मास्कमधून हवा गळतेय. त्याहून जास्त कोंबू नये.

दोन मिनिटांच्या पाळीचा आणखी एक फायदा होतो. कॉम्प्रेशनच्या स्वतंत्र स्टेशनवर मुलं सलग दाबत राहतात आणि दमली की खोली कमी होते. त्यांना मात्र आपण पहिल्यासारखंच दाबतोय असं वाटतं. पाळी बदलली की हा प्रकार आटोक्यात राहतो.

या पद्धतीची डोकेदुखीही सांगायला हवी. तीन शिकवणारे म्हणजे तीन तऱ्हा. एक म्हणणार कॉम्प्रेशन मोठ्याने मोजा, दुसरा म्हणणार मनात मोजा. त्यामुळे सत्राआधी तिघांनी मिळून एकदा क्रम करून बघावा आणि मतभेद तिथेच मिटवावेत. आणि एका खोलीत तीन एईडी ट्रेनर एकदम बोलायला लागले की गोंधळ ठरलेला. शेजारच्या मशीनचा ‘शॉक द्या’ ऐकून आपलं बटण दाबणारे मी पाहिलेत. आवाज कमी ठेवा, गट कोपऱ्यांत बसवा, जमलं तर एकाला बाहेरच्या पॅसेजमध्ये पाठवा.

तर निवड कशी करावी? ज्यांनी आयुष्यात मास्क हातात धरलेला नाही अशांची बॅच असेल तर पहिली पंचवीस मिनिटं फक्त बॅग-मास्कला द्यायला माझी हरकत नाही. किंबहुना द्यावीतच, आणि तेवढ्यापुरता तो भूलतज्ज्ञ तिन्ही गटांत फिरवावा. बाकी वेळ मात्र मी पूर्ण क्रमालाच देतो. तुमच्याकडे शिकवणारे खरंच एक-दोनच असतील तर फिरत्या स्टेशनांवाचून गत्यंतर नाही, हे मान्य. तशा वेळी निदान एक बदल करा: एईडीच्या टेबलावर पॅड लावण्याचा सराव चालू असताना चौघांपैकी एकजण कायम कॉम्प्रेशन देत राहील असं बघा.

एईडी ट्रेनर एकच असेल तरी दुसरी पद्धत अगदीच अशक्य नाही. उरलेल्या दोन गटांना मुदत संपलेले पॅड द्यायचे आणि मशीनची वाक्यं शिकवणाऱ्याने स्वतः म्हणायची. सुरुवातीला जरा हसं होतं. पण त्यात एक सोय आहे: कॉम्प्रेशन थांबलेलं दिसलं की शिकवणारा ‘पॅड जोडा’ हेच वाक्य म्हणत राहू शकतो, हात परत छातीवर येईपर्यंत.